लेबलावरचे तीनशे पस्तीस वॅट

माझं काम फोटो वाचायचं आहे. जळगावात सोलर बसवून देणाऱ्या एका ऑफिसात मी बसते. साइटवरची माणसं प्रत्येक पॅनेलच्या पाठीमागच्या लेबलाचा फोटो काढून मोबाइलवर पाठवतात आणि मी ते आकडे बघून संगणकात भरते. पॅनेल किती वॅटचं, चालू असताना व्होल्ट किती, अँपिअर किती, तारा मोकळ्या ठेवल्या तर व्होल्ट किती, दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या तर अँपिअर किती. फोटो बहुतेक वेळा वाकडे असतात. लेबलावर अंगठ्याची सावली पडलेली असते, नाहीतर धूळ. एखादा आकडा तीन आहे की आठ ते कळत नाही. मग मी चालू व्होल्ट आणि चालू अँपिअरचा गुणाकार करते. उत्तर वॅटच्या आकड्याला येऊन मिळालं की वाचलेलं बरोबर. इतकी वर्षं हे केल्यामुळे पॅनेल दिसलं की डोळे आपोआप मोजायला लागतात. लग्नाला गेले आणि मांडवाशेजारच्या गच्चीवर पॅनेल दिसलं तरी मोजतात.

त्या वर्षी आमची आई घरी ऑक्सिजनवर होती. आबा आणि आई चाळीसगावला, गावाच्या कडेला आमच्या दोन खोल्यांच्या घरात राहत. आबा जिनिंग प्रेसमध्ये फिटर होते, आईही लग्नानंतर बरीच वर्षं तिथेच कापूस निवडायला, सरकी भरायला जायची. तिची फुप्फुसं कशानं गेली, रुईच्या धुळीनं की चुलीच्या धुरानं, ते डॉक्टरांनी कधी नक्की सांगितलं नाही. शेवटी घरी मशीन आलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं, कपाटाएवढं नाही पण बिछान्याशेजारची जागा अडवणारं मशीन. ते दिवसभर घरघरत राहायचं. आईला त्याचा राग यायचा, पण लाइट गेली की ती घाबरून आबांकडे बघायची. लहान सिलिंडर ठेवलेलं होतं, ते लावेपर्यंत तिचे ओठ निळे पडायचे. उन्हाळ्यात लाइट रोजच जायची.

आबांनी त्या मशीनची पाटी वाचली. तीनशे तीस वॅट. आबांचा जन्म मोटरींच्या पाट्या वाचण्यात गेला होता. हॉर्सपॉवर, व्होल्ट, फेरे, सगळं पाटीवर कोरलेलं असतं आणि ते खरं असतं, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी ठरवलं की तीनशे तीसपेक्षा मोठं एक सोलर पॅनेल आणायचं, म्हणजे दिवसा तरी लाइटची भीती राहणार नाही.

हे त्यांनी मला नाही सांगितलं, माझ्या धाकट्या भावाला सांगितलं. तो धुळ्याला गच्च्यांवर पॅनेल बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे कामाला होता. मला का नाही, तर मी सासरची. मुलीकडून घ्यायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं.

एप्रिल संपता संपता एका दुपारी ऑफिसात आबांकडून एक फोटो आला. पॅनेलच्या पाठीमागचं लेबल. खाली लिहिलेलं, ‘बघ बरं, बरोबर आहे का?’

मी नेहमीसारखं वाचलं. तीनशे पस्तीस वॅट. चालू व्होल्ट सदतीस पॉइंट आठ, अँपिअर आठ पॉइंट सत्त्याऐंशी. गुणाकार जुळला. मोकळे व्होल्ट सेहेचाळीस पॉइंट दोन. खाली बारीक अक्षरात चाचणीची परिस्थिती: दर चौरस मीटरवर हजार वॅट ऊन, पॅनेलच्या आतल्या सेलचं, म्हणजे त्या चौकोनी चकत्यांचं, तापमान पंचवीस अंश.

मी आबांना फोन केला.

“आबा, लेबल बरोबर आहे. पण त्यावर आईचं मशीन चालणार नाही.”

“का? पाच वॅट जास्तच आहेत की.”

“ते तीनशे पस्तीस कारखान्यातल्या चाचणीचे आहेत. तिथे सेल पंचवीस अंशांवर ठेवतात आणि भर दुपारच्या उन्हाइतका प्रकाश टाकतात.”

“चाळीसगावला काय ऊन कमी आहे?”

“ऊन भरपूर आहे. पण पॅनेल तापतं. आपल्या गच्चीवर सेल पासष्ट अंशांवर जातो. जितकं तापेल तितके वॅट कमी. भर बाराला दोनशे ऐंशी मिळाले तरी खूप. आणि ढग आला, सावली आली, की मशीन बंद. मध्ये बॅटरी लागते, इन्व्हर्टर लागतो.”

मागून मशीनची घरघर ऐकू येत होती.

“तुझा भाऊही आधी अशीच कारणं सांगत होता,” ते म्हणाले. “पण शेवटी त्यानंच पाठवलंय. रविवारी येऊन जोडणार आहे.”

मला वाटलं, भाऊ बॅटरी वगैरे घेऊन येणार असेल. मी विषय सोडला. संध्याकाळी आबांनी आणखी एक फोटो पाठवला. शेजारच्या कोणीतरी काढलेला. गच्चीच्या कठड्याला पॅनेल उभं टेकवलेलं आणि बाजूला आबा, धुतलेला सदरा घालून, एक हात पॅनेलच्या कडेवर ठेवून उभे. आबा फोटोत हसत नाहीत. त्या फोटोत हसले होते.

डोळ्यांनी मोजायचं ते मोजलं. आडवे सहा सेल, उभे दहा. साठ.

साठ सेलच्या पॅनेलला मोकळे सेहेचाळीस व्होल्ट येत नाहीत. एका सेलला अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर, फार तर पॉइंट चौसष्ट. साठचे सदतीस-अडतीस होतात. सेहेचाळीससाठी बहात्तर सेल हवेत, उभे बारा. मी पुन्हा मोजलं, बोट स्क्रीनवर ठेवून. दहाच. मग लेबलाचा आधीचा फोटो मोठा करून बघितला. लेबलाच्या उजव्या कडेखालून एक पिवळट रेघ दिसत होती. खाली दुसरं लेबल होतं.

कोणी तरी माझ्या भावाला फसवलंय, हाच पहिला विचार आला. धुळ्यात जुनी उतरवलेली पॅनेलं विकणारे भंगारवाले आहेत, त्यांच्यातल्या एखाद्यानं वरून नवीन लेबल चिकटवून दिलं असेल. मी घाईघाईनं त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सेल किती, व्होल्ट किती, कडेला दिसणारं जुनं लेबल.

“अरे, ऐकतोयस ना? ज्याच्याकडून घेतलं त्याला जाऊन धर.”

“अक्का,” तो म्हणाला, “लेबल मीच चिकटवलंय.”

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग त्यानं सांगितलं. एका दवाखान्याच्या गच्चीवरची जुनी पॅनेलं काढून नवीन बसवली होती, त्यातलं एक ठेकेदारानं त्याला असंच दिलं. अडीचशे वॅटचं. आबा रोज फोन करायचे. तीनशे तीसच्या वर पाहिजे, खालचं चालणार नाही. त्यानं दोनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला की नुसत्या पॅनेलवर हे मशीन चालत नसतं, मग ते अडीचशेचं असो की तीनशे पस्तीसचं. आबा म्हणाले, तुला करायचं नाही म्हणून कारणं सांगतोस. मोठ्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर त्याच्या आवाक्यात नव्हते. शेवटी त्यानं कामावरच्या एका नव्या पॅनेलच्या लेबलाचा फोटो घेतला, स्टिकर छापणाऱ्याकडून तेवढ्याच आकाराचा छापून आणला आणि जुन्यावर चिकटवून पॅनेल ओळखीच्या टेम्पोतून चाळीसगावला धाडलं.

“मग रविवारी काय करणार होतास?”

“एक बॅटरी लावून पंखा चालवून दिला असता. आणि मग समोरासमोर सांगितलं असतं. फोनवर त्यांना सांगता येत नाही गं. तू बघितलंस ना त्यांचा फोटो?”

“त्यांनी मशीन जोडून बघितलं असतं तर?”

“कसं जोडतील? प्लगच नाही त्याला.”

“ते फिटर आहेत,” मी म्हणाले. “प्लग लावायला त्यांना कितीसा वेळ?”

तो रडायला लागला. दहा-बारा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. “आई जाणार आहे, अक्का,” तो म्हणाला. “मला दुसरं काही करता येत नव्हतं.”

रागावू की काय करू, मला सुचेना. मी फोन ठेवला, आबांना लगेच फोन करून सांगितलं, “पॅनेलला काही जोडू नका, मी उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सकाळच्या गाडीनं निघाले. पाचोऱ्यापर्यंत उभी होते, पुढे जागा मिळाली. आबांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं. पॅनेल बिघडलेलं निघालं म्हणावं, परत पाठवूया म्हणावं. आबांना ते पटलं असतं. निदान मला तसं वाटत होतं.

घरात पोचले तर आई भिंतीला उशी लावून बसलेली. नाकात नळी, हातात पंखा. तिचं माहेर धुळ्याकडचं, ती आयुष्यभर अहिराणीच बोलली.

“एकलीच उनी?” तिनं विचारलं. “भाऊ कव्हय यी?”

“येईल रविवारी,” मी म्हटलं. “कसं वाटतंय?”

“बठ्ठं ठीक शे,” ती म्हणाली आणि एवढं बोलून तिला दम लागला.

आबा घरात नव्हते. गच्चीवर होते. मी वर गेले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पॅनेल त्यांनी विटांवर तिरकं ठेवलं होतं आणि आपला जुना मीटर, प्रेसमधून निवृत्त होताना घरी आणलेला, दोन्ही तारांना लावून बसले होते. मला बघितल्यावर त्यांनी मीटरचं तोंड माझ्याकडे केलं.

“बत्तीस पॉइंट सहा,” ते म्हणाले. “लेबलावर सेहेचाळीस आहेत. मीटर गेला असेल म्हणून त्याचे सेल बदलले. परत तेवढेच.”

“आबा, तापल्यावर व्होल्ट उतरतात.” हे खोटं नव्हतं.

“किती उतरतात?”

“दर अंशाला एका टक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा.”

आबांनी पॅनेलच्या काचेवर हात ठेवला आणि पटकन काढला. “तू काल पासष्ट म्हणालीस. लेबलावर पंचवीस आहे. चाळीस अंशांचा फरक.” ते डोळे बारीक करून हिशेब करायला लागले, प्रेसमध्ये पट्ट्याच्या पुलीचा करायचे तसा. “म्हणजे शेकडा तेरा धर. सेहेचाळीसचे चाळीस व्हायला पाहिजेत. बत्तीस कुठून आले?”

माझ्याकडे उत्तर होतं आणि मला ते द्यायचं नव्हतं. मी म्हणाले, “जुनं असेल.”

“नवीन आहे म्हणाला तो.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग मीटर बाजूला ठेवून त्यांनी पॅनेल उचललं, उलटं केलं. काच तापलेली होती, मी टोक धरायला पुढे झाले तर त्यांनी हातानंच थांबवलं. पाठीमागच्या लेबलाच्या कडेवरून त्यांनी नख फिरवलं. एका कोपऱ्याला ते अडकलं. उन्हानं गोंद मऊ झालेला होता. लेबल सावकाश, सबंध निघून आलं.

खाली पिवळं पडलेलं जुनं लेबल. अडीचशे वॅट. चालू व्होल्ट साडेतीस, अँपिअर आठ पॉइंट दोन, मोकळे व्होल्ट सदतीस पॉइंट सहा. त्याच्याही खाली तेच बारीक अक्षर, हजार वॅट, पंचवीस अंश.

“सदतीसचे शेकडा तेरा गेले की बत्तीस-तेहतीस,” आबा म्हणाले. “मीटर बरोबर आहे.”

ते तसेच उकिडवे बसून राहिले. लेबल त्यांच्या बोटांना चिकटलं होतं. मला वाटलं आता विचारतील, हे कोणी केलं. मी मनात वाक्यं जुळवत होते. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “तुझ्या आईला सांगू नकोस.”

“नाही सांगत.”

“त्यालाही म्हणू नकोस की मी काढून बघितलं.”

“आबा, त्यानं काही वाईट मनानं...”

“मला कळतं ते,” ते एवढ्या जोरात म्हणाले की खाली आईनं ऐकलं असेल. मग आवाज उतरवून, “माझ्याच हट्टापायी झालं ना. त्यानं सांगितलं होतं मला. मी म्हटलं, तू टाळतोयस.”

त्या दुपारी मी आणि माझ्या नवऱ्यानं फोनवर ठरवून इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या बॅटऱ्यांची सोय केली. आबांनी मुलीकडून घ्यायचं नाही हे या वेळी काढलं नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. लहान सिलिंडरच्या जागी माणसाच्या छातीएवढं उंच मोठं सिलिंडर आणून साखळीनं भिंतीला बांधलं. लाइट गेली तर बॅटऱ्यांवर मशीन पाच-सहा तास चाललं असतं, पुढे सिलिंडर. पॅनेल आबांनी मागच्या पत्र्याच्या पडवीत काच भिंतीकडे करून ठेवून दिलं.

रविवारी भाऊ आला नाही. त्याचा मला फोन आला, “ठेकेदारानं सुट्टी दिली नाही.” पुढच्या रविवारी त्यानं आबांना दुसरं काही सांगितलं. मी त्याला आबांना कळल्याचं सांगितलं नव्हतं. त्यांनी नको म्हटलं होतं. पण मी इन्व्हर्टर बसवला हे त्याला आईकडून कळलं, आणि त्यावरून आबांना कळलंय हे त्यानं ओळखलं. आई दर फोनला एकच विचारायची, “भाऊ कव्हय यी?” आबा म्हणायचे, “कामाचे दिवस आहेत त्याचे.” पोराच्या वतीनं ते इतकं सहज खोटं बोलायचे की मी ऐकत राहायचे.

जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. पाऊस थोडाच, वारा फार. संध्याकाळच्या आत गावाच्या कडेचे विजेचे खांब आडवे झाले, निंबाची झाडं तारांवर पडली. बॅटऱ्या चालल्या तितक्या चालल्या, मग आबांनी सिलिंडर लावलं. दुसऱ्या दिवशीही लाइट नव्हती. मी दुपारपर्यंत पोचले तेव्हा ऑक्सिजन होता, पुरेसा होता, पण आईला ताप चढला होता आणि श्वास नळी असूनही पुरत नव्हता. पंख्याविना ती रात्रभर उकाड्यात पडून होती. आबा तिला पुठ्ठ्यानं वारा घालत बसले होते, त्यांचा हात थांबत नव्हता. आम्ही तिला गाडीत घालून जळगावला आणलं.

दवाखान्यात ती आठवडाभर होती. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात जंतुसंसर्ग झालाय. मी विचारलं, वादळाच्या रात्रीमुळे का? ते म्हणाले, कशानंही होऊ शकतं, अशा पेशंटला फार काही लागत नाही. त्या उत्तराचा मला आजही राग येतो, आणि दुसरं काय उत्तर असायला हवं होतं तेही सांगता येत नाही.

भाऊ तिसऱ्या दिवशी आला. आईला तेव्हा तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तिनं त्याचा हात धरला आणि बराच वेळ त्याच्या दंडावरून हात फिरवत राहिली, उन्हानं काळ्या पडलेल्या. तो म्हणत होता, “येणार होतो गं माय, येणार होतो.” ती मान हलवायची. तिला काही माहीत नव्हतं. त्यानं का येणं टाळलं ते तिला कधीच कळलं नाही.

ती गेल्यावर आम्ही तिघं चाळीसगावला होतो. दहाव्याच्या आदल्या दुपारी, माणसं पांगल्यावर, आबा ओट्यावर बसले होते. भाऊ खाली पायरीवर. मी दारात तांदूळ निवडत होते. आबाच एकदम म्हणाले, “मला तेव्हाच ठामपणे म्हणायचं होतंस. होत नाही म्हणायचं.”

भावानं मान वर केली नाही. “दोनदा म्हणालो होतो, आबा.”

“हो. म्हणाला होतास.”

“तुम्ही ऐकलं असतं का तिसऱ्यांदा?”

आबांनी विचार केला. खरोखर विचार केला, उत्तर आधीच ठरलेल्या माणसासारखा नाही. “नसतं ऐकलं,” ते म्हणाले.

मला वाटलं, आता दोघांपैकी एक जण उठून दुसऱ्याजवळ जाईल. कोणी उठलं नाही. भाऊ हाताच्या तळव्यांकडे बघत बसला. आबांनी पान खायची इच्छा नसताना चंची काढली आणि परत ठेवली. थोड्या वेळानं समोरच्या घरच्या काकू चहाचं भांडं घेऊन आल्या, मग आम्हाला उठावं लागलं.

भाऊ धुळ्याला परत गेला. मशीन ज्यांच्याकडून भाड्यानं घेतलं होतं ते येऊन घेऊन गेले. बिछान्याशेजारची जागा रिकामी झाली तरी आबा अजून तिथून वळसा घालूनच जातात. मी त्यांना जळगावला चला म्हणते, ते नको म्हणतात. भाऊ त्यांना आठवड्यातून एकदा फोन करतो. पाऊस पडला का, जेवलात का, एवढंच बोलतात, आणि दोघंही माझ्याकडे एकमेकांची चौकशी करतात. मी ऑफिसात जाते, आलेले फोटो उघडते आणि आकडे भरत बसते.